कस्टडीच्या दाव्यात कोर्टाने नेमलेल्या मानसतज्ज्ञ तटस्थ आहेत की नाहीत, हे कसं ओळखायचं?

पार्लेकर७४

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीचा कस्टडीचा दावा बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात चालू आहे. भाचा सात वर्षांचा. तो बहिणीकडे मुलुंडला असतो, त्याचे बाबा दादरला आईबरोबर राहतात. सध्या रविवारी चार तास भेट आहे. बाबांनी मुक्कामाची भेट मागितली, बहिणीने विरोध केला.

गेल्या वर्षी आम्ही घराजवळच्या एका मानसतज्ज्ञांकडे बहीण आणि भाच्याला नेलं होतं. दोन भेटींनंतर त्यांनी लेखी दिलं की वडील भावनिकदृष्ट्या पालकत्वासाठी अक्षम आहेत आणि मुलाने फक्त आईकडेच राहावं. ते पत्र वकिलांनी ॲफिडेव्हिटला जोडलं. आता कोर्टाने स्वतःहून एक मानसतज्ज्ञ नेमल्या आहेत, दोन्ही पालकांचं मूल्यमापन करून रिपोर्ट द्यायला. बहीण त्यांना हे पत्र द्यायला गेली, तर त्या म्हणाल्या, "कोर्टाच्या फाईलमध्ये असेल तर मी वाचेन, हातात घेणार नाही." फोनवर बोलायलाही नकार. जे सांगायचं ते ईमेलवर, दोन्ही वकिलांना प्रत पाठवून. बहिणीला वाटतंय की बाई आधीच तिकडे झुकल्या आहेत. रात्र रात्र झोपत नाही ती.

माझा प्रश्न असा की त्या तटस्थ आहेत की नाहीत हे आम्ही कशावरून ओळखायचं? आणि बहिणीची बाजू त्यांच्यापर्यंत नीट पोचावी म्हणून काय करायचं?

मृण्मयी_ठाणे

दादा, एवढी काळजी करू नका. मूल लहान असलं की कायदा आईच्याच बाजूने आहे. आणि नऊ वर्षांचा झाला की मुलगा स्वतःच जजसमोर सांगेल कोणाकडे राहायचं ते, मग कुणाचा रिपोर्ट चालत नाही. आमच्या नात्यात असंच झालं होतं.

वकिली_फाटा

मृण्मयीताई, अर्धं बरोबर आहे, पण राहिलेल्या अर्ध्यावर विसंबून लोक फार चुकतात. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे ते असं की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. "सर्वसाधारणपणे" हा शब्द कायद्यातलाच. इथे मूल सात वर्षांचं आहे, म्हणजे तो मुद्दा संपला. त्याच कायद्याचं कलम 13 सांगतं की मुलाचं हित सर्वांत वरचं. आईचा हक्क किंवा बापाचा हक्क त्याच्या खाली येतो.

नऊ वर्षांचं म्हणाल तर तसा आकडा कायद्यात कुठेच नाही. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात एवढंच म्हटलंय की मूल समजूतदारपणे पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती लक्षात घेऊ शकतं. लक्षात घेणं म्हणजे तसाच हुकूम देणं नव्हे. चेंबरमध्ये मुलाशी बोलून जजसाहेबांनी त्याने सांगितलं त्याच्या उलट हुकूम दिलेला मी पाहिला आहे.

पार्लेकर, त्या बाईंनी पत्र हातात घेतलं नाही आणि फोनवर बोलल्या नाहीत, ही मला उलट चांगली खूण वाटते. उद्या तुमचे भावोजी एकटेच त्यांना फोन करून अर्धा तास बोलले असते तर तुम्हाला चाललं असतं का?

सुनील_बोरिवली

पोटगी किती मागितली आहे? त्याचा आधी निकाल लावून घ्या. माझ्या मेहुणीच्या केसमध्ये पगाराच्या स्लिपा मिळवण्यातच वर्ष गेलं. मानसतज्ज्ञ काय रिपोर्ट देणार, पैसा कोण देणार हे महत्त्वाचं.

पार्लेकर७४

सुनीलजी, पोटगीचा विषय वेगळा चालू आहे, तो इथे नको. फक्त मुलाबद्दल विचारतोय.

सावली_घाटकोपर

पार्लेकरदादा, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि असे रिपोर्ट लिहिते. तुमच्या केसबद्दल काही बोलणार नाही, एका बाजूचं ऐकून बोलणं योग्यही नाही. पण एक रिपोर्ट कसा तयार होतो ते सांगते. दोन-तीन प्रकरणांचे तपशील मिसळले आहेत, त्यामुळे कुणाची ओळख पटायची भीती नाही.

आधी तुमच्या हातातल्या पत्राबद्दल. ज्या माणसाला आपण भेटलोच नाही तो पालक म्हणून अक्षम आहे असं लिहिणं आमच्या व्यवसायात बसत नाही. त्या तज्ज्ञांनी "आईने असं सांगितलं, मूल माझ्यासमोर असं वागलं" एवढंच लिहिलं असतं तर त्याला थोडी किंमत राहिली असती. शिवाय त्यांनी तुमच्या भाच्यावर उपचार सुरू केले असतील तर ते त्याचे थेरपिस्ट झाले. थेरपिस्ट आपल्या पेशंटच्या बाजूने असतो, तसं त्याने असायलाच हवं. म्हणूनच कोर्टासाठी दोन्ही पालकांना जोखण्याचं काम त्याने करू नये.

आता उदाहरण. मुलगी आठ वर्षांची, दम्याची. आई कांदिवलीला, बाबा लालबागला आपल्या आईवडिलांबरोबर. शनिवारी संध्याकाळपासून रविवारी संध्याकाळपर्यंत बाबांकडे मुक्काम ठरला होता. अशाच एका रविवारी रात्री मुलीला दम लागून हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि मुक्काम बंद झाला. आईचं म्हणणं, बाबांना तिचा आजार सांभाळता येत नाही. बाबांचं म्हणणं, आई मुलीचे कान भरते. आणि मुलगी समुपदेशकांना सांगून बसली होती की मला बाबांकडे जायचंच नाही.

कोर्टाच्या आदेशात मला विचारलं होतं की दोघांची पालकत्वाची क्षमता कशी आहे आणि मुक्काम पुन्हा सुरू करावा का. या दोघांत चांगला माणूस कोण, हे विचारलेलं नव्हतं. म्हणून मी आधी मुलीला काय लागतं ते कागदावर मांडलं. तिला रोजचं औषध चुकता कामा नये, रात्री दम लागला तर घरातल्या मोठ्याला काय करायचं ते माहीत हवं, आणि आईबाबांच्या भांडणात तिला मध्ये उभं करता कामा नये. या तीन गोष्टींशी दोघांना ताडून बघायचं. आईचं शिक्षण, बाबांचा पगार, कोणाचा फ्लॅट मोठा, हे या तीन गोष्टींशी जुळत नसेल तर रिपोर्टात त्याला जागा नाही.

पहिल्याच दिवशी दोघांकडून लेखी संमती घेतली. मला सांगितलेलं काहीही गुप्त राहणार नाही, सगळं कोर्टापुढे जाऊ शकतं, हे त्यांच्या सहीने. मग दोघांच्या सारख्या बैठका, सारखेच प्रश्न, दोन्ही घरी एकेक भेट, आणि तीही मुलीच्या सारख्याच वेळेला, म्हणजे संध्याकाळच्या खाण्यापासून झोपेपर्यंत. एका घरी रविवारी दुपारी गेले आणि दुसऱ्या घरी शाळेच्या आदल्या रात्री गेले तर मी दोन पालक बघितले नाहीत, दोन वेगवेगळ्या वेळा बघितल्या.

दोन्ही घरी मी टेबलावर दम्याचा पंप आणि त्याला जोडून औषध ओढायची प्लॅस्टिकची नळी, म्हणजे स्पेसर, ठेवायला सांगितला आणि म्हटलं, एरवी देता तसं दाखवा. आईला डॉक्टरांचा कागद तोंडपाठ होता. पण तिने दोन्ही पफ एकदम स्पेसरमध्ये सोडले, आणि स्पेसर धुऊन टॉवेलने खसाखसा पुसला. खरं तर एक पफ, मग पाच-सहा श्वास, मग दुसरा, असं द्यायचं असतं. स्पेसरही न पुसता आपोआप वाळू द्यायचा असतो. पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध आतच चिकटतं. बाबांकडे फक्त निळा पंप होता, दम लागल्यावर द्यायचा. रोज दोन वेळा द्यायचा वेगळा पंप असतो हेच त्यांना माहीत नव्हतं.

इथे थांबले असते तर रिपोर्ट आईच्या बाजूचा झाला असता. मी विचारलं, डॉक्टरांचा कागद कोणाकडे? तो आईच्या फाईलमध्ये होता, बाबांना कधीच पाठवला गेला नव्हता. मग बाबांना विचारलं, तुम्ही मागितला होता का? नाही. ही दोन्ही वाक्यं रिपोर्टात एकाखाली एक गेली.

बालरोगतज्ज्ञांनी बाबांना बसवून शिकवलं. त्यांच्या घरी स्वतंत्र पंप ठेवला. माझं काम चालू असतानाच कोर्टाने चाचणी म्हणून मुक्काम पुन्हा सुरू केला. शनिवारी रात्री दोन पफ, रविवारी सकाळी दोन, असे तीन आठवड्यांत बारा. त्या पंपाच्या मागे उरलेल्या डोसांचा आकडा दिसतो. तो बरोबर बाराने उतरला होता. पंप दाबला गेला एवढंच यावरून कळतं, औषध मुलीच्या छातीत गेलं की नाही ते कळत नाही. तेही लिहिलं.

मुलीचं "जायचं नाही" हे उरलंच. पण हा प्रतिसाद फार लांबला, ते पुढच्यात लिहिते.

एक_बाबा_कल्याण

मॅडम, वाचून बरं वाटलं आणि रागही आला. माझ्या केसमध्ये ज्यांनी रिपोर्ट दिला त्यांनी मला माझ्या मुलाबरोबर फक्त कोर्टातल्या मुलांच्या खोलीत बघितलं. एक तास. आजूबाजूला आणखी चार कुटुंबं, कुणाचं मूल रडतंय, कुणाची आजी रडतेय. आईबरोबर मात्र तिच्या घरी, मुलाच्या खेळण्यांमध्ये. रिपोर्टात आलं, "मूल वडिलांसोबत अवघडलेले व आईसोबत मोकळे आढळले." त्या खोलीत कोण मोकळं असतं? मी स्वतः अवघडलेलो होतो. मुलाच्या हातात मी आणलेली गाडी होती, ती त्याने एकदाही जमिनीवर ठेवली नाही.

मुलाचे कान भरले जातात हे कोणी मानायलाच तयार नाही. तीन वर्षं झाली. आता तो मला "तुम्ही" म्हणतो.

मृण्मयी_ठाणे

:( वाईट वाटलं वाचून.

गुरुजी_परळ

मी शाळेत शिकवतो, आमच्याकडे ही पत्रं मागायला दोन्हीकडचे येतात. एका आईने विनंती केली, "बाबा कधीच ओपन हाऊसला येत नाहीत असं लिहून द्या." मी वही काढून बघितली. चारपैकी दोन वेळा बाबा आले होते, दोन वेळा आई. मी तारखांसकट तेवढंच लिहून दिलं. त्या रागावून गेल्या. पण मानसतज्ज्ञांनी नंतर फोन केला तेव्हा त्यांना तेच कामाचं वाटलं. त्यांनी मला विचारलं की सोमवारी मूल कसं असतं आणि शुक्रवारी कसं. आजपर्यंत कोणी मला तसं विचारलं नव्हतं. मला उत्तर देता आलं, कारण तो मुलगा सोमवारी डबा खात नाही हे मी बघत होतो. का खात नाही हे मी सांगितलं नाही, ते मला माहीतच नव्हतं.

वकिली_फाटा

गुरुजी, तुमच्यासारखे साक्षीदार मिळाले तर आमचं निम्मं काम होईल.

कल्याणचे बाबा, तुमची तक्रार कायद्याच्या भाषेत खूप मजबूत होती. तुमच्या वकिलांनी त्या तज्ज्ञांची उलटतपासणी घेतली का? दोन पालकांना दोन वेगळ्या ठिकाणी पाहून तुलना केली, हा एक प्रश्न पुरेसा होता. रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे. फॅमिली कोर्ट्स ॲक्ट, 1984 च्या कलम 12 खाली कोर्ट तज्ज्ञांची मदत घेतं, पण मान्य करायचं की नाही ते जजच ठरवतात.

रंगीत_खडू

मुलाला चित्र काढायला लावा ना! माझी वहिनी कोर्स करून आली आहे. मुलाने घर काढलं आणि बाबा घराबाहेर काढले की सगळं समजतं. यात मूल खोटं बोलू शकत नाही.

सावली_घाटकोपर

रंगीत_खडू, चित्रं मीही काढून घेते, पण मूल मोकळं व्हावं, बोलायला विषय मिळावा म्हणून. बाबा घराबाहेर काढले म्हणजे बाबा नकोत असं त्यातून सिद्ध होत नाही. बाबा खरोखरच दुसऱ्या घरी राहतात म्हणूनही ते बाहेर असतील, कागदावर जागा संपली म्हणूनही असतील. मोठ्यांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांचंही तसंच. त्या ताब्याच्या दाव्यासाठी बनलेल्या नाहीत, आणि जिथे अख्खं आयुष्य पणाला लागलंय तिथे माणूस स्वतःला जरा जास्तच चांगला दाखवतो. त्यातून जे निघतं ते तपासून बघायचं असतं. दुसरीकडून दुजोरा मिळाला नाही तर मी त्यावर काही उभं करत नाही.

आता त्या मुलीच्या नकाराबद्दल. मी तिला तीनदा भेटले. एकदा आईने आणलं, एकदा बाबांनी, आणि एकदा शाळेत. कोणाबरोबर आली यावरून मुलाचं बोलणं बदलतं का, हे बघावंच लागतं. "तुला कोणाकडे राहायचंय?" हे मी एकदाही विचारलं नाही. आठ वर्षांच्या मुलीने त्याचं उत्तर दिलं की त्या दिवसापासून एका पालकाला नाकारल्याचं ओझं तिच्या डोक्यावर. मी म्हटलं, "शनिवारी सकाळी उठतेस तिथपासून सांग."

ती सांगत गेली. दुपारी पोटात दुखायला लागतं. बिल्डिंगच्या गेटवर आई आणि बाबा मोठ्याने बोलतात, वॉचमनकाका बघतात, वरच्या मजल्यावरची तिची मैत्रीण गॅलरीतून बघते. बाबांकडे चुलतभावाबरोबर कॅरम मजेचा असतो. आणि रात्री खोकला येतो, कारण आजी देवापुढे धूप घालते आणि तिचं अंथरूण त्याच खोलीत असतं.

हे धुपाचं ना आईच्या अर्जात होतं, ना बाबांच्या उत्तरात. आजीला कोणी विचारलंच नव्हतं. मी घरी गेले त्या संध्याकाळीही धूप होता, आणि तासाभरात मुलगी खोकायला लागली. बालरोगतज्ज्ञांना विचारलं, तर धुराने तिचा दम उठू शकतो म्हणाल्या. त्या रविवारी हॉस्पिटलात जावं लागलं ते धुपामुळेच, असं मी लिहिलं नाही. तसं म्हणायला पुरावा नव्हता. औषध चुकलं होतं आणि धूर होता, दोन्ही कारणं शक्य आहेत, असं लिहिलं.

कल्याणचे बाबा, आता तुमच्या मुद्द्यावर येते. त्याच मुलीच्या तोंडून एक वाक्य आलं, "बाबांनी ॲफिडेव्हिटमध्ये खोटं लिहिलंय." आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी हा शब्द येतो तेव्हा घरात कोर्टाचे कागद तिच्यासमोर बोलले जातायत. हे रिपोर्टात गेलं आणि आईला फार लागलं. पण यावरून "आईने मुलीचं मन कलुषित केलं" हे लिहायला मी तयार नव्हते. मूल नकार देतं तेव्हा त्याची चार-पाच कारणं असू शकतात. कान भरलेले असू शकतात. त्या पालकाकडे खरोखरच त्रास झालेला असू शकतो. दोन घरांच्या मधली अदलाबदलच नकोशी असू शकते. एका पालकाला एकटं सोडवत नाही, असंही असतं. प्रत्येक कारण खरं धरून बघायचं, आणि त्याच्या विरुद्ध जाणारं काय दिसतं तेही शोधायचं. या मुलीच्या बाबतीत बाबांच्या घरात शिरल्यावर पंधरा मिनिटांत ती कॅरमवर बसली होती. मन पूर्ण फिरलेलं मूल सहसा असं रमत नाही.

तुमच्या बाबतीत काय होतं हे मी इथून सांगू शकत नाही. पण ज्या पद्धतीने तुमचं निरीक्षण झालं त्यावरून कुठलाच निष्कर्ष काढायला नको होता, हे नक्की.

वकिली_फाटा

याला कायद्याचा आधारही आहे. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कान भरण्याच्या वागणुकीचे नेमके प्रसंग दाखवल्याशिवाय घाईने एखाद्या पालकावर तो शिक्का मारू नये. आणि 2019 मध्ये असंही की मध्यस्थीतली गुप्तता मुलाच्या कस्टडीतल्या समुपदेशकाच्या रिपोर्टला तशीच्या तशी लागू होत नाही. म्हणजे तिथे बोललेलं कोर्टापुढे येऊ शकतं. पक्षकारांना हे आधी सांगावं लागतं, नाहीतर त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

पण सावलीताई, एका बाबतीत तुमच्याशी माझं जमणार नाही. तुम्ही लोक रिपोर्टाच्या शेवटी "ताबा आईकडे असावा" असं लिहिता. ते लिहूच नये. ताबा कोणाला हा कायद्याचा प्रश्न. तज्ज्ञाने निरीक्षणं द्यावीत आणि थांबावं. शेवटचा परिच्छेद लिहिला की सगळे तोच वाचतात, मागची तीस पानं कुणी उघडत नाही.

सावली_घाटकोपर

वकीलसाहेब, मी "ताबा अमक्याला" असं लिहीत नाही. पण निरीक्षणं देऊन थांबणंही मला पटत नाही. जजसाहेबांपुढे दिवसाला किती तरी प्रकरणं असतात. पंप, धूप, गेट, ॲफिडेव्हिट एवढं सांगून मी गप्प बसले तर त्यातून या मुलीचा शनिवार कसा घडवायचा हे कोणी जोडायचं? त्या रिपोर्टात मी लिहिलं की गेटवरची अदलाबदल बंद करावी, बाबांनी मुलीला शुक्रवारी थेट शाळेतून न्यावं, म्हणजे आईबाबा समोरासमोर येणार नाहीत. मूल असेल त्या दिवशी घरात धूप नको. डॉक्टरांचा प्रत्येक कागद दोघांना त्याच दिवशी मिळावा. कोर्टाच्या कागदांबद्दल मुलीसमोर बोलू नये. सहा आठवड्यांनी बालरोगतज्ज्ञांनी तिला बघावं. मुक्काम या अटींवर मुलीला झेपेल असं माझं मत, आणि ते कोणत्या माहितीवरून बनलं ते प्रत्येक वेळी पान क्रमांकासह. जजसाहेबांना माझं मत पटलं नाही तरी माहिती त्यांच्यापुढे आहे.

वकिली_फाटा

अटी लिहिणं ठीक. "झेपेल" लिहिलंत की तुम्ही निकालाच्या दारात पाय ठेवलात. आपलं इथे एकमत होणार नाही.

एक_बाबा_कल्याण

मग त्या मुलीच्या बाबांना मुक्काम मिळाला?

सावली_घाटकोपर

कोर्टाने महिन्यातून दोन शनिवार-रविवार दिले, शाळेतून न्यायची अट मान्य केली. आई शेवटपर्यंत नाराजच होती. बाबाही खूश नव्हते, त्यांना प्रत्येक आठवडा हवा होता. त्यानंतरचं माझ्यापर्यंत आलं नाही. आमचं काम रिपोर्ट आणि साक्ष इथे संपतं, आणि त्यानंतर मी त्या कुटुंबाची थेरपिस्टही होऊ शकत नाही.

सुनील_बोरिवली

या तज्ज्ञांची फी कोण भरतं? ज्याने भरली त्याच्या बाजूचा रिपोर्ट येणार हे उघड आहे ना.

सावली_घाटकोपर

हा प्रश्न अगदी बरोबर आहे. फी कोणी किती भरायची हे कोर्टाच्या आदेशात यावं आणि रिपोर्ट देण्याआधी पूर्ण भरलेली असावी. कोणा एकाची बाकी राहिली की निष्कर्षावर त्याची सावली पडू शकते. मी रिपोर्टाच्या सुरुवातीलाच कोणी किती भरले ते लिहिते.

पार्लेकर७४

सर्वांचे आभार. काल बहिणीला हा धागा वाचून दाखवला. ॲफिडेव्हिटचं वाक्य आलं तेव्हा ती गप्प झाली. भाचाही तसलं काही बोलतो, आम्हाला ते हुशारीचं वाटायचं.

दोन प्रश्न राहिलेत. एक, ते जुनं पत्र फाईलला लागलेलंच आहे, आता काय करायचं? दोन, पुढच्या शनिवारी भाच्याला मूल्यमापनासाठी न्यायचंय. त्याला काय सांगून न्यायचं? बहीण म्हणते, "खरं ते सांग, घाबरू नकोस" असं सांगते.

वकिली_फाटा

पत्र मागे घ्यायची घाई करू नका, तुमच्या वकिलांशी बोला. पण त्यावर जोर देणं थांबवा. उलटतपासणीत ते तज्ज्ञ "वडिलांना भेटलात का?" या पहिल्याच प्रश्नावर अडकतील, आणि त्याबरोबर तुमच्या बहिणीच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडेल.

सावली_घाटकोपर

पत्राबद्दल वकीलसाहेब सांगतात ते ऐका. मी एवढंच म्हणेन की त्या तज्ज्ञांनी मुलाला प्रत्यक्ष पाहून काही टिपणं केली असतील तर नव्या मानसतज्ज्ञांना ती बघता यावीत म्हणून दोन्ही बाजूंच्या संमतीने मागवता येतात. निष्कर्ष टाकाऊ असला तरी सात वर्षांचं मूल वर्षभरापूर्वी काय बोललं, ते कामाचं असू शकतं.

भाच्याला "खरं ते सांग" म्हणू नका. त्यात काही तरी खरं आहे जे त्याने सांगायलाच हवं, असं त्याला वाटतं, आणि ते कोणतं हे तो आईच्या चेहऱ्यावर शोधतो. एवढंच सांगा की या मावशी आईला आणि बाबांना दोघांनाही भेटतात, तुझ्याशीही बोलतील, खेळतील, आणि कोणी कुठे राहायचं ते मोठी माणसं ठरवतील, तुला ठरवायचं नाही. परत येताना काय बोललास हे विचारू नका. रिक्षातही नाही, आजीने फोनवरही नाही. बाबांनीही तसंच करावं म्हणून हेच दोन्ही वकिलांना प्रत ठेवून मॅडमना ईमेलवर विचारा, त्या दोघांना सारखीच सूचना देतील.

बरोबर न्यायचं म्हणाल तर शाळेची डायरी, लसीकरणाचं आणि डॉक्टरांचं कार्ड, आणि भाच्याचा सोमवार ते रविवार कसा जातो ते बहिणीने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं एक पान. बाबांबद्दल लिहायचं असेल तर तारीख आणि काय घडलं तेवढंच. "तो कसा आहे" हे नको.

गुरुजी_परळ

आणि शाळेतल्या वर्गशिक्षकांना आधी एक शब्द टाकून ठेवा की फोन येईल. आम्हाला अचानक विचारलं की आम्ही "मूल चांगलं आहे" म्हणून मोकळे होतो.

पार्लेकर७४

ईमेल आजच करतो. शनिवारी बहिणीऐवजी मी घेऊन गेलो तर चालेल का? ती फार घाबरलेली असते.

सावली_घाटकोपर

हेही त्यांनाच विचारा. कदाचित त्यांना आईनेच आणायला हवं असेल, कारण पोचवताना आणि निरोप घेताना आई-मूल कसे असतात हेही त्या बघत असतील. बहिणीला सांगा, घाबरलेलं दिसलं तरी चालतं. घाबरलेली आई मुलाला कशी सावरते, हेही त्यात दिसतं.